पात्र आराखड्याबाहेर पाऊल टाकतं तेव्हा

माझ्या एका दीर्घकथेतल्या सुलभेनं पाचव्या प्रसंगात सही करून टाकली. खरं तर तिनं ती करायचीच नव्हती. आराखड्याप्रमाणे सहाव्या प्रसंगात, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, भाऊ आणि दोन साक्षीदारांसमोर ती हातातलं पेन खाली ठेवणार होती, आणि तिथून कथा पेट घेणार होती. नऊ प्रसंगांची, साधारण आठ हजार शब्दांची कथा. त्यातले साडेचार हजार शब्द लिहून झाले होते. वाई तालुक्यातलं माहेर, वडील वर्षापूर्वी गेलेले, धाकटा भाऊ दिलीप, त्याची बायको मंगल, आणि दीड एकर जमिनीचं हक्कसोड पत्र. जेवणं झाली, दिलीपनं घसा खाकरला, आणि तो काही बोलायच्या आत सुलभा म्हणाली, “आण तो कागद. पेन आहे ना?”

हे वाक्य कुठून आलं ते मला सांगता येणार नाही. पण ते खोडून आराखड्यातलं वाक्य लिहिलं, तेव्हा ती सुलभा राहिली नाही, एवढं लगेच कळलं.

अशा वेळी लेखकमित्रांकडून दोनच सल्ले येतात. एक म्हणतो, पात्र नेईल तिकडे जा. दुसरा म्हणतो, मालक तू आहेस, बस तिला गाडीत. पहिल्याच्या कथा बहुधा अर्ध्यात सोडलेल्या असतात. दुसऱ्याच्या पूर्ण होतात, पण शेवटाकडे माणसं एकसारखी बोलायला लागतात. खाली जे सांगतोय ते या एकाच कथेवर कसं काम केलं त्याच्या आधारानं सांगतोय. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून पायऱ्या.

पायरी १ : आराखड्यात कुणाचं काय ते वेगळं करा

आराखडा समोर घ्या आणि दोन रंगांच्या पेनांनी त्यातल्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा. एक रंग परिस्थितीचा, दुसरा निवडीचा. “वडील वारले”, “वारस नोंदीनं सातबाऱ्यावर सुलभेचं नाव आलं”, “जमीन घेणाऱ्याला तिचं नाव कमी झालेलं हवंय”, ही परिस्थिती. ती माझी. तिच्यात मी हवा तेवढा हात घालू शकतो. “सुलभा नकार देते”, “दिलीप तिला लालची म्हणतो”, “मंगल पहिल्यांदा तोंड उघडते”, या निवडी. त्या त्यांच्या. माझ्या आराखड्यात अशा सात निवडी होत्या आणि मी त्या सातही वडिलांच्या मृत्यूइतक्याच ठामपणे लिहून ठेवल्या होत्या. चूक तिथंच झाली होती.

निवडीची वाक्यं आता प्रश्न म्हणून पुन्हा लिहा. “सुलभा नकार देते” याऐवजी “सही मागितल्यावर सुलभा काय करते?” आणि त्याखाली पेन्सिलीनं आपला अंदाज. जागा रिकामी ठेवू नका. अंदाज नसेल तर प्रसंग कुठल्या दिशेनं लिहायचा तेच कळत नाही, आणि पात्रानं आश्चर्याचा धक्का द्यायला आधी आपली काहीतरी अपेक्षा असावी लागते.

परिस्थितीच्या रंगावर मात्र भरपूर वेळ घालवा. मी कायद्याकडे परत गेलो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं 1994 साली दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभरासाठी 2005 ची दुरुस्ती आली आणि त्यात ही अट राहिली नाही. 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. मी सुलभेचं लग्न 1992 सालचं धरलं. म्हणजे कितीतरी वर्षं ती आणि घरातले सगळेच, तिचा वाटा फारसा काही नाही असं समजून चाललेले, आणि आता अचानक तिच्या सहीवाचून पान हलत नाही. ही माहिती कथेत एका ओळीपलीकडे आली नाही. पण दिलीपचं अवघडलेपण तिच्यातून मिळालं. ज्या बहिणीकडे काही मागायची वेळच येणार नव्हती, तिच्याकडे त्याला मागावं लागतंय. परिस्थिती अशी आवळलेली असली की पात्रांना ढकलावं लागत नाही.

पायरी २ : आपण ढकलतोय का ते ओळखा

नकाराचा प्रसंग मी आधी सरावासाठी लिहून पाहिला होता. तो बाहेर काढून वाचला. त्यात सुलभेची अकरा वाक्यं होती आणि त्यातली सात दिलीपला आधीच माहीत असलेल्या गोष्टी सांगणारी. “आईच्या आजारपणात तीन महिने मी इथं होते, दिलीप.” ते त्याला ठाऊक नाही का? ती वाचकाशी बोलत होती, कारण नकार पटवायची जबाबदारी मी तिच्या तोंडावर टाकली होती. शिवाय आदल्या रात्री तिच्या कानावर दिलीपचं फोनवरचं बोलणं अगदी नेमक्या वेळी पडत होतं. आणि पेन खाली ठेवण्याआधी वाक्य होतं, “तिच्या आत काहीतरी तुटलं.”

ही तीन लक्षणं बहुतेक वेळा एकत्रच येतात. पात्र समोरच्याला ठाऊक असलेलं सांगतं, निर्णयाच्या जरा आधी एक सोयीचा योगायोग घडतो, आणि निर्णयाच्या क्षणी आत काहीतरी तुटतं, पेटतं किंवा जागं होतं. तपासायची सोपी युक्ती अशी: ते तुटण्या-पेटण्याचं वाक्य बोटानं झाका. त्याशिवायही पात्र तेच करेल असं वाटलं तर वाक्य फक्त अनावश्यक आहे, खोडून टाका. नाही वाटलं, तर निर्णय त्या वाक्यावरच उभा आहे. म्हणजे तो तुमचा आहे, तिचा नाही.

पायरी ३ : आश्चर्य खरं आहे का ते तपासा

इथं घाई करू नका. प्रत्येक अनपेक्षित वळण पात्राचं नसतं. कधी ते लेखकाच्या कंटाळ्यातून येतं, कधी भीतीतून. मला भांडणाचे प्रसंग लिहिता येत नाहीत, हे मी मनात कबूल केलं. सुलभेनं मुकाट सही केली की माझं भांडण वाचत होतं. म्हणजे संशयाला जागा होती.

पहिली तपासणी मागच्या पानांची. नवीन काही न लिहिता, आधी लिहून झालेल्या मजकुरात या निवडीचा पुरावा शोधायचा. मला तीन जागा सापडल्या. वाईच्या स्टँडवरून गावात येताना दिलीपनं खिशात हात घातला होता, तोवर सुलभेनं रिक्षावाल्याला पैसे देऊन टाकले होते. जेवताना मंगलनं गरम भाकरी वाढायच्या आत तिनं टोपलीतली सकाळची उचलून घेतली होती. मुलाचा फोन आला तेव्हा त्यानं विचारायच्या आधीच “मी बरी आहे” म्हणाली होती. या तिन्ही गोष्टी मी ओघात लिहून गेलो होतो, प्रसंगाला जिवंतपणा यावा म्हणून. एकत्र ठेवल्यावर दिसलं की ही बाई कुणालाही मागू देत नाही. मागायच्या आत देते, म्हणजे समोरचा कायमचा ऋणात राहतो आणि तिच्या वाट्याला कधी घ्यायची वेळ येत नाही. सही हे तिचं सर्वांत मोठं शस्त्र होतं.

एकच पुरावा सापडला तर थांबा. एक जागा योगायोगानंही सापडते. एकही नसेल आणि तरी ती निवड मनातून जात नसेल, तर ती बहुधा दुसऱ्याच पात्राची आहे.

दुसरी तपासणी दुसऱ्या दिवशीच्या सकाळची. प्रसंग तिथंच सोडा आणि त्यानंतरची सकाळ तीनशे शब्दांत लिहा, दोन्ही शक्यतांची. नकारानंतरच्या सकाळी माझ्याकडे दोन रुसलेली माणसं आणि एक वकील होता. सहीनंतरच्या सकाळी दिलीप चहाचा कप हातात धरून ओट्यावर बसला होता. सहा महिने त्यानं बहिणीला पटवायचं भाषण घोकलं होतं, आणि ते त्याच्या पोटात तसंच राहिलं होतं. तो म्हणाला, “ताई, तू वाचलंस तरी का?” भांडण टळलं नव्हतं. मला लिहिता येत नसलेल्या जागेवरून ते मला लिहिता येणाऱ्या जागेवर आलं होतं.

या दोन्ही तपासण्यांचा एक जुना आणि प्रसिद्ध दाखला आहे. टॉलस्टॉय ‘अ‍ॅना कॅरेनिना’ लिहीत होता तेव्हा 1876 च्या एप्रिलमध्ये त्यानं स्त्राखोव्ह या समीक्षक मित्राला पत्रातून कळवलं की अ‍ॅनाच्या नवऱ्याशी भेट झाल्यानंतरचं तिचा प्रियकर व्रॉन्स्की याच्यावरचं प्रकरण लिहून बराच काळ झाला होता, ते दुरुस्त करायला बसलो आणि अगदी अनपेक्षितपणे, पण निःसंशय, व्रॉन्स्कीनं स्वतःवर गोळी झाडून घेतली. मला महत्त्वाचं वाटतं ते याच्या पुढचं: कादंबरीच्या पुढच्या भागासाठी हे आवश्यकच होतं, असं त्याला नंतर दिसलं. मागं पाहिलं तर पुरावा आहे. अ‍ॅना मरणाच्या दारात असताना तिचा नवरा व्रॉन्स्कीला क्षमा करतो, आणि मानापमानावर जगणारा हा लष्करी अधिकारी त्या मोठेपणासमोर खुजा होऊन जातो. पुढं पाहिलं तर फळ आहे. जीव वाचल्यावर तो ताश्कंदची मानाची नेमणूक नाकारतो, नोकरी सोडतो आणि अ‍ॅनाबरोबर परदेशी जातो. गोळीशिवाय हे दुसरं पाऊल पोकळ वाटलं असतं. मागं पुरावा आणि पुढं फळ, दोन्ही असतील तरच आश्चर्य ठेवायचं.

पायरी ४ : गेलेल्या प्रसंगाची कामं लिहून काढा

सुलभेची सही कायम राहिली. म्हणजे माझा सहावा प्रसंग गेला. हळहळ वाटते, पण प्रसंग आणि त्याची कामं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या नकाराच्या प्रसंगाकडून मला नेमकं काय करून घ्यायचं होतं, ते मी लिहून काढलं. दिलीपनं बहिणीला विचारायच्या आधीच जमिनीचा व्यवहार ठरवून दोन लाख इसार घेतलाय, हे उघड व्हायला हवं होतं. सुलभेच्या मनातला राग एकदा तरी बाहेर दिसायला हवा होता. आणि बहीण-भावात काहीतरी चारचौघांसमोर नाकारलं जायला हवं होतं, कारण घरात नाकारलेलं झाकता येतं, सरकारी बाकड्यावर नाही.

कथेचा मूळ प्रश्नही लिहिला: मागणी आल्यावर हे नातं काय होतं? सही झाली तरी हा प्रश्न सुटलेला नव्हता. सुटला असता तर कथा तिथंच संपवायची होती, आणि तसं करायलाही कचरू नये.

इथं एक सापळा आहे. त्यात मी चार दिवस अडकलो होतो. हक्कसोड नोंदवल्यावर तलाठ्याकडे फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. मला वाटलं, झकास. सातबाऱ्यावर म्हाताऱ्या आत्याचंही नाव आहे असं करू, तिला नोटीस जाईल आणि ती हरकत घेईल! दोन पानं लिहिलीसुद्धा. मग लक्षात आलं की सुलभेकडून जो नकार मला मिळाला नाही, तो मी आत्याकडून वसूल करत होतो. जुना आराखडा मागच्या दारानं आत आला होता. ओळखायची खूण सोपी आहे: हातून गेलेलं काम करायला एखादं पात्र उशिरा उगवलं आणि त्याला त्या कामापलीकडे आयुष्य नसलं, तर ते पात्र नाही, बदली कामगार आहे.

पायरी ५ : उत्तर बदलू नका, वरच्या अंगाला परिस्थिती बदला

पाणी दुसऱ्या शेतात न्यायचं तर पाट वरून वळवावा लागतो. कथेतही तेच. प्रसंगात पात्राला हलवायचं नाही. प्रसंगाच्या आधी, परिस्थितीच्या रंगात बदल करायचा आणि मग पात्र काय करतं ते पाहायचं.

आधी कायद्याची फट कामी आली. दस्तावर सही घरी होऊ शकते, पण नोंदणीसाठी कार्यालयात जाऊन फोटो आणि अंगठा द्यावाच लागतो. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत हजर करता येतो. म्हणजे रात्री सही झाली तरी सहावा प्रसंग त्याच कार्यालयात, त्याच बाकड्यावर ठेवता येत होता. जागा टिकली.

मग मी दिलीपला घरीच बसवून पाहिलं. सुलभा टोकन घेऊन बसलीय, तो येतच नाही. छान दिसत होतं. पण दिलीप आला. इसाराचे दोन लाख खर्चून बसलेला माणूस न येऊन सांगतो कुणाला! तो इस्त्रीचा सदरा घालून आला, आणि हातात कापडाच्या दुकानाची पिशवी होती. हेही मी ठरवलं नव्हतं. पण आपल्याकडे भाऊ असाच येतो. बहिणीनं हक्क सोडला की साडीचोळीवर तिची बोळवण करायची.

बाराशे रुपयांची साडी. सुलभा घेईल का? पायरी तीनमधल्या त्या तीन जागा समोर ठेवल्यावर उत्तर एकच निघत होतं. तो प्रसंग असा उतरला:

“निदान ही तरी घे, ताई.”

“ठेव. मंगलला होईल.”

“तिला कशाला? तुझ्यासाठी आणलीय.”

“आहेत रे माझ्याकडे.”

दिलीपनं पिशवी बाकड्यावर ठेवली. नंबर पुकारला गेला तो त्यांचा नव्हता.

“दोन लाख घेतलेत मी इसार,” तो म्हणाला. “तुला विचारायच्या आधी. आता बोल. काहीतरी बोल की!”

सुलभेनं पिशवीची घडी नीट केली आणि ती त्याच्या बाजूला सरकवली.

तिन्ही कामं झाली. इसार उघड झाला, तोही फोनवरच्या योगायोगानं नाही, त्याच्या स्वतःच्या तोंडून, कारण न मागता मिळालेली सही त्याला पेलवत नव्हती. तिचा राग दिसला. चारचौघांसमोर नकारही झाला, फक्त दीड एकर देऊन तिनं बाराशेची साडी नाकारली. आराखड्यातलं “सहाव्या प्रसंगात, कार्यालयात, सुलभा नाकारते” हे वाक्य अक्षरशः खरं राहिलं. हे नेहमी इतकं जुळत नाही, हेही सांगून ठेवतो.

यानंतर मागं जाऊन पेरणी करायची, पण हलक्या हातानं. आत्याला मी पूर्ण काढलं नाही. तिसऱ्या प्रसंगात ती ओसरीवर बसून एवढंच म्हणते, “आमची आपली साडीचोळीवर बोळवण झाली बाई.” फेरफाराची दोन पानं गेली आणि हे एक वाक्य राहिलं. पेरणी करताना मोह होतो पात्राच्या स्वभावाचं वर्णन करायचा. “सुलभेला कुणाकडून काही घेणं जमत नसे” असं वाक्य मीही लिहून खोडलं. ते ठेवलं असतं तर साडी नाकारणं हे वाचकाला सोडवून दिलेलं गणित झालं असतं.

उलट दिशेनं काम केलं तर काय होतं, त्याचा दाखला इब्सेनच्या ‘डॉल्स हाउस’मध्ये आहे. 1880 मध्ये जर्मनीतल्या प्रयोगासाठी मुख्य नटीला नोरानं घर आणि मुलं सोडून जाणं मान्य नव्हतं. दुसऱ्या कुणी फिरवण्यापेक्षा आपणच फिरवू म्हणून इब्सेननं वेगळा शेवट लिहून दिला. त्यात नवरा नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तिथंच कोसळते. स्वतः इब्सेननंच त्या बदलाला रानटी अत्याचार म्हटलं. तंत्र म्हणून पाहा: आधीचं सगळं नाटक जसंच्या तसं, बदलली ती फक्त शेवटची काही मिनिटं. तीन अंकांनी जी बाई घडवली ती तशीच आहे आणि तिचं उत्तर तेवढं बदललंय. आपल्या दुरुस्तीला हीच कसोटी लावा. निवड बदलण्यासाठी फक्त तेच पान पुन्हा लिहावं लागलं असेल, तर संशय घ्या. माझ्या कथेत सहाव्या प्रसंगासाठी दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या प्रसंगात हात घालावा लागला होता.

पायरी ६ : पात्राला कधी थांबवायचं

सातव्या प्रसंगात मंगल घर सोडायला निघाली. पुरावा भरपूर होता. निवड तिचीच होती आणि दुसऱ्या दिवशीची सकाळही जोरकस होती. तरी मी तिला जाऊ दिलं नाही, कारण तिची निवड मंगल आणि तिच्या नवऱ्याच्या गोष्टीची होती, आणि ही गोष्ट बहीण-भावाची. पण थांबवतानाही तिचं मन बदललं नाही. परिस्थिती बदलली. मुलाची बारावीची परीक्षा दोन आठवड्यांवर आणली. ती पिशवी भरते, मग उघडून त्यातले कपडे परत लावते. निघालेलं पान दुसऱ्या वहीत गेलं, तिथं ते अजून आहे.

रहस्यकथेत ही मोकळीक फार कमी मिळते. गुन्हा कुणी केला हे शेवटून मागं लिहिलेलं असतं, तिथं पात्रानं वळण घेतलं तर सगळे दुवे पुन्हा ओवावे लागतात. अशा कथेत पात्रांना मोकळं सोडायचा काळ आराखड्याआधीचा: प्रत्येकाचे दोन-चार प्रसंग कथेबाहेर लिहून पाहा, वळणं तिथं घेऊ द्या, मग गुन्हा बांधा. क्रमशः छापून येणाऱ्या लेखनात तर मागं पेरणीच करता येत नाही. तिथं आधी छापून गेलेल्या ओळींतच पुरावा सापडला तरच निवड मान्य करायची.

माझ्या कथेत शेवटी साधारण नऊशे शब्द टाकून द्यावे लागले आणि कथा आठच्या जागी साडेसात हजारांवर थांबली. नववा प्रसंग अजून पक्का नाही. सुलभा परतीच्या एसटीत बसलीय. मंगलनं ती साडी गुपचूप तिच्या पिशवीत घातली, असं मी लिहिलं होतं. दिसायला देखणं होतं. मग मंगलच्या आधीच्या पानांवर पुरावा शोधला, तर एकच जागा मिळाली. म्हणून ती ओळ खोडलीय. सध्याच्या खर्ड्यात साडी दिलीपच्या मोटरसायकलच्या हँडलला पिशवीसकट लटकतेय, आणि तो ती घरात नेतो का, ते मी अजून लिहिलेलं नाही.